शॉर्ट्सचे हॅशटॅग : नवे प्रेक्षक आणणारे आणि नुसती जागा अडवणारे कसे ओळखावेत

ही अडचण एकदा सुटली असे वाटते आणि महिन्याभराने पुन्हा उभी राहते. एखादा शॉर्ट अचानक चालतो. त्याखाली जे पंधरा-अठरा हॅशटॅग असतात ते आपण जसेच्या तसे पुढच्या व्हिडिओंना चिकटवतो आणि पुढचे व्हिडिओ मात्र नेहमीइतकेच पाहिले जातात. मग हॅशटॅग बदलले जातात, पुन्हा एखादा व्हिडिओ चालतो, आणि या वेळी श्रेय नव्या यादीला मिळते. माझ्या स्वतःच्या वाहिनीवर हे चक्र तीनदा फिरल्यावर मी यूट्यूब स्टुडिओतील आकडे नीट वेगळे करून पाहिले. ती तपासणी कशी केली आणि तिच्यातून काय हाती लागले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

माझी वाहिनी मोडी लिपीची आहे. प्रत्येक शॉर्टमध्ये जुन्या कागदातील एखादा शब्द घेऊन तो बोरूने कसा लिहितात ते दाखवतो. आधी आडवी शिरोरेषा ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडत जायची, असे साधारण ३५ ते ४० सेकंदांचे चित्रण असते. ‘श्री’ हे अक्षर लिहून दाखवणारा एक शॉर्ट ४१,२०० वेळा पाहिला गेला. त्याखाली अठरा हॅशटॅग होते. तीच यादी लावलेले पुढचे नऊ शॉर्ट्स सहाशे ते दीड हजारांच्या दरम्यान थांबले.

आधी हॅशटॅग खरोखर हॅशटॅग झाला आहे का, हे पाहा

ही पायरी इतकी साधी आहे की बहुतेक जण ती वगळतात, आणि देवनागरीत लिहिणाऱ्यांची सर्वाधिक चूक येथेच होते. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. `#मोडी लिपी` असे लिहिले की दुवा फक्त `#मोडी` एवढ्याचाच तयार होतो आणि ‘लिपी’ हा शब्द वर्णनात सुटा पडून राहतो. माझ्या जुन्या व्हिडिओंपैकी सातांमध्ये हे झाले होते. दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत आपण ‘लिपी’ लिहितो, संस्कृत आणि हिंदीच्या वळणाने लिहिणारे ‘लिपि’ लिहितात. `#मोडीलिपी` आणि `#मोडीलिपि` या दोन वेगळ्या अक्षरमालिका आहेत, त्यामुळे त्यांची पानेही वेगळी. व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर फोनवरून प्रत्येक हॅशटॅगवर बोट ठेवून उघडणारे पान डोळ्यांनी पाहणे हीच खात्रीची तपासणी आहे.

येथेच आणखी दोन नियम लक्षात ठेवावेत. एका व्हिडिओवर साठाहून अधिक हॅशटॅग असतील तर यूट्यूब त्यांतील एकही विचारात घेत नाही. आणि अपलोड करताना खाली जो टॅगांचा वेगळा रकाना असतो, तो म्हणजे हॅशटॅग नव्हे. त्या टॅगांचा उपयोग फार थोडा असल्याचे यूट्यूब स्वतःच सांगते. शब्दाचे स्पेलिंग लोक हमखास चुकवत असतील, तेव्हा ते कामी येतात. दोन्ही रकाने एकच समजून तपासणी केली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

कोणता आकडा ‘नवा प्रेक्षक’ सांगतो

यात दोन सापळे आहेत. पहिला असा की ‘सदस्य नसलेला’ आणि ‘नवा’ यांत आपण गल्लत करतो. माझे कितीतरी प्रेक्षक वर्षभर नियमित पाहतात, पण त्यांनी सदस्यत्वाचे बटण कधी दाबलेले नाही. `Not subscribed` या ओळीत ते सगळे येतात, आणि ती ओळ मोठी दिसली की हॅशटॅगांनी नवी माणसे आणली असे वाटू लागते. नव्या प्रेक्षकांसाठी `Audience` टॅबमधील `New viewers` हाच आकडा पाहावा. तोही अगदी काटेकोर नाही, कारण पाहण्याचा इतिहास पुसलेला किंवा खासगी खिडकीतून पाहणारा जुना माणूस त्यात नवा म्हणूनच मोजला जातो. मात्र ही चूक सगळ्या व्हिडिओंमध्ये जवळपास सारखीच असल्यामुळे आपल्याच व्हिडिओंची आपसांत तुलना करताना ती फारशी आड येत नाही.

दुसरा सापळा ‘व्ह्यू’ या शब्दातच आहे. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी एक व्ह्यू धरला जातो आणि किमान किती वेळ पाहिला याची अट राहिलेली नाही. पूर्वीच्या पद्धतीचा आकडा आता `Engaged views` या नावाने वेगळा मिळतो. त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या व्हिडिओंचे व्ह्यू शेजारी ठेवून कोणी ‘नव्या हॅशटॅगांनी व्ह्यू वाढले’ असे म्हणत असेल, तर ती वाढ मोजण्याची पद्धत बदलल्यामुळेही दिसू शकते. म्हणून सगळी तुलना मी `Engaged views` आणि `New viewers` या दोनच आकड्यांवर केली.

प्रेक्षक कोणत्या दाराने आला

आता मुख्य तपासणी. संगणकावर स्टुडिओ उघडून तो व्हिडिओ निवडावा, `Analytics` मध्ये `Advanced mode` उघडावा आणि `Traffic source` ही विभागणी घ्यावी. माझ्या ‘श्री’च्या शॉर्टचे ४१,२०० व्ह्यू तेथे असे विभागलेले दिसले : `Shorts feed` मधून ३९,३००, `YouTube search` मधून ६४०, वाहिनीच्या पानावरून ५१०, `Hashtag pages` वरून ३७, आणि उरलेले ७१३ इतर किरकोळ ठिकाणांहून. ज्या अठरा हॅशटॅगांना मी नऊ व्हिडिओ श्रेय देत राहिलो, त्यांच्या पानांवरून आलेले व्ह्यू हजारात एकही भरत नव्हते.

`Hashtag pages` या ओळीवर क्लिक केले की कोणत्या हॅशटॅगच्या पानावरून किती व्ह्यू आले ते खुलते. त्या ३७ पैकी २९ `#modilipi` चे आणि ५ `#मोडीलिपी` चे होते. `#viral`, `#trending`, `#ytshorts`, `#maharashtra` यांपैकी एकाचीही ओळ तेथे नव्हती. अगदी छोटे आकडे या तक्त्यात दिसतीलच असे नाही, पण लपलेले आकडे लपण्याइतके लहान होते एवढे तरी नक्की कळते. याचे कारण समजण्यासारखे आहे. `#viral` च्या पानावर इतक्या व्हिडिओंची रीघ लागलेली असते की लहान वाहिनीचा शॉर्ट तेथे कोणाच्या नजरेस पडण्याची शक्यता जवळजवळ नसते. `#modilipi` चे पान लहान आहे आणि तेथे येणारा माणूस मोडीसाठीच आलेला असतो. त्यामुळे तेथे महिन्यापूर्वीचा व्हिडिओही सापडतो.

मात्र येथे थांबून ‘हॅशटॅग निरुपयोगी’ असा निकाल देणे घाईचे ठरेल. `Hashtag pages` ही ओळ फक्त हॅशटॅगच्या पानावरून आलेल्यांची आहे. शोधपेटीत शब्द टाकून आलेला माणूस हॅशटॅगमधील शब्दामुळे आला असेल तर तो शोधाच्या ओळीत मोजला जातो. फीडमधील ३९,३०० पैकी कोणाला हॅशटॅगच्या आधाराने व्हिडिओ दाखवला गेला, हे तर स्टुडिओ कोठेच सांगत नाही. म्हणजे तीन दारे आहेत आणि प्रत्येकासाठी पुरावा गोळा करण्याची रीत वेगळी आहे. पहिल्या दाराचा पुरावा थेट मिळतो, दुसऱ्याचा थोड्या कष्टाने, आणि तिसऱ्यासाठी तुलना केल्याशिवाय गत्यंतर नाही.

शोधाचे दार

`YouTube search` या ओळीवर क्लिक केल्यावर लोकांनी टाकलेले शब्द दिसतात. माझ्याकडे वरच्या जागी ‘modi lipi’, ‘modi lipi barakhadi’ आणि ‘मोडी लिपी’ होते. पहिल्या वाचनात मला हे हॅशटॅगांचे यश वाटले. पण ‘मोडी लिपी’ हे शब्द प्रत्येक व्हिडिओच्या शीर्षकात दोन्ही लिप्यांत होतेच, त्यामुळे तेच शब्द खाली हॅशटॅग म्हणून पुन्हा लिहिल्याने शोधात काही भर पडली असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. हॅशटॅगमुळे शोध आला का हे पाहायचे असेल, तर शीर्षकात आणि वर्णनात कोठेही नसलेला शब्द हॅशटॅगमध्ये हवा.

असा शब्द मला `#modiscript` मध्ये मिळाला. मराठी घरांत वाढलेली पण इंग्रजीतून शोधणारी मुले, परदेशी राहणारे लोक आणि लिप्यांचे अभ्यासक ‘लिपी’ऐवजी ‘script’ लिहितात, आणि माझ्या शीर्षकांत तो शब्द कधीच नव्हता. बारा शॉर्ट्सपैकी सहांना मी तो हॅशटॅग लावला, सहांना लावला नाही. दोन महिन्यांनी ‘modi script’ या शोधावरून आलेले व्ह्यू पाहिले. हॅशटॅग असलेल्या सहा व्हिडिओंवर ते ९, १४, ६, ११, ० आणि १७ होते, नसलेल्यांवर ०, ०, २, ०, ० आणि १. आकडे लहान आहेत, पण त्यांचा कौल स्पष्ट आहे, कारण तो शब्द टाकणारा माणूस त्या व्हिडिओपर्यंत पोहोचला हे थेट नोंदलेले आहे. या हॅशटॅगला मी कामाचा मानतो. शोधाचे दार फीडसारखे दोन दिवसांत उघडून मिटत नाही, ते हळूहळू उघडते, म्हणून येथे सात दिवसांत निकाल लावू नये. निदान सहा-आठ आठवडे द्यावेत.

फीडचे दार : जोड्या लावून तुलना

सर्वांत अधिक गैरसमज येथे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मला तपासायचे होते ते `#marathi #maharashtra #viral #trending` हे चार रुंद हॅशटॅग, जे सर्वच वाहिन्यांखाली दिसतात. सहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतील दोन शॉर्ट्स एकाच प्रकारच्या विषयाचे, लांबीने जवळपास सारखे, आणि आठवड्याच्या त्याच वारी त्याच वेळेला प्रसिद्ध केलेले होते. जोडीतील कोणत्या व्हिडिओला हे चार लावायचे, ते नाणे उडवून ठरवले. हा आग्रह अनावश्यक वाटेल, पण नाणे उडवले नाही तर आपल्याला जो व्हिडिओ अधिक आवडलेला असतो त्यालाच आपण नकळत ‘पूर्ण’ यादी लावतो, आणि मग तुलना हॅशटॅगांची राहत नाही. पहिल्या सात दिवसांतील नवे प्रेक्षक हा एकच आकडा दोन्हींसाठी घेतला.

पहिल्या जोडीत हॅशटॅग असलेल्यावर ४२० आणि नसलेल्यावर ४०० नवे प्रेक्षक आले. दुसरीत ३१० आणि ४८०, तिसरीत ५४० आणि २९०, चौथीत ४६० आणि ६१०, पाचवीत ७०० आणि ७२०, आणि सहावीत ६,९०० आणि ८८०.

आता सरासरी काढून पाहा. हॅशटॅग असलेल्या सहांची सरासरी १,५५५ येते, नसलेल्यांची सुमारे ५६३. म्हणजे हॅशटॅगांनी जवळपास तिप्पट नवे प्रेक्षक आणले असे दिसते, आणि एवढ्यावर थांबलेला माणूस ते चार हॅशटॅग आयुष्यभर लावत राहील. पण तीच सहा संख्या चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोहोंची सरासरी, म्हणजे मध्यक घेतला, तर हॅशटॅग असलेल्यांचा ५०० आणि नसलेल्यांचा ५४५ येतो. जोड्यांचा निकाल तीन विरुद्ध तीन असा बरोबरीचा आहे. सगळा फरक एकट्या ६,९०० मुळे पडला होता.

तो व्हिडिओ प्रेक्षकांनी सुचवलेली आडनावे मोडीत लिहिण्याचा होता. त्याच्या जोडीदारातही आडनावेच होती, पण त्यात पहिले आडनाव दिसायला सात सेकंद लागत होते. चाललेल्या व्हिडिओत दुसऱ्याच सेकंदाला बोरू कागदावर टेकतो. `Viewed vs. swiped away` मध्ये एकात १०० पैकी ८१ जण थांबलेले होते, दुसऱ्यात ६३. दोन्हींमध्ये हा फरक एवढा ठळक असताना वाढीचे श्रेय `#viral` ला देण्यास आधार उरत नाही. शॉर्ट्सचे आकडे स्वभावतःच असे असतात, बरेचसे व्हिडिओ एका पट्ट्यात राहतात आणि एखादा कित्येक पटींनी उसळतो. म्हणून येथे सरासरी वापरू नये, मध्यक आणि जोड्यांचा निकाल पाहावा.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. हॅशटॅगचा काहीच परिणाम नसला तरी सहाच्या सहा जोड्या त्याच्या बाजूने लागण्याची शक्यता ६४ मध्ये एक आहे. त्यामुळे सहा शून्य असा निकाल आला तर तो गंभीरपणे घ्यावा, पाच एक किंवा चार दोन आला तर आणखी जोड्या कराव्यात. दहा टक्क्यांचा बारीक फरक या मापाने कधीच पकडता येणार नाही. माझ्या दृष्टीने तो पकडण्याची गरजही नाही, कारण पहिल्या दोन सेकंदांतील बदलाने त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो.

जोड्यांच्या नोंदी स्टुडिओतच ठेवता येतात. `Advanced mode` मध्ये `Groups` ची सोय आहे. हॅशटॅग असलेल्यांचा एक गट आणि नसलेल्यांचा दुसरा करावा आणि `Compare to` वापरून शेजारी ठेवावेत. मात्र गटाची बेरीज पाहून निकाल देऊ नये, कारण बेरजेत तोच एक उसळलेला व्हिडिओ सगळ्यांना झाकतो. जुन्या व्हिडिओचे हॅशटॅग मध्येच बदलून आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहणे हाही खोटा पुरावा आहे, कारण शॉर्टचा फीडमधील ओघ वयानुसार आपोआप उतरत किंवा अवचित चढत असतो.

चुकीची माणसे आणणारा हॅशटॅग

एक प्रकार असा निघाला की त्यात आकडे वाढले आणि तरीही हॅशटॅग काढावा लागला. मोकळ्या जागेच्या चुकीमुळे तयार झालेल्या `#मोडी` सोबत मी काही व्हिडिओंवर रोमन `#modi` ही लावला होता. त्यांपैकी दोन व्हिडिओंवर `Hashtag pages` च्या ओळीत २१० आणि १६० व्ह्यू दिसले. इतर व्हिडिओंच्या मानाने हा मोठाच आकडा, आणि बहुतेक प्रेक्षक नवेच. पण ते पान पंतप्रधानांविषयीच्या व्हिडिओंनी भरलेले असते आणि तेथे आलेल्या माणसाला बाराखडी नको असते. २१० व्ह्यूंपैकी `Engaged views` फक्त ३४ होते. त्या दारातून आलेल्यांनी ३८ सेकंदांचा व्हिडिओ सरासरी ३ सेकंद पाहिला, तर `#modilipi` वरून आलेल्यांनी २४ सेकंद. नुसता व्ह्यूंचा रकाना पाहिला असता तर हाच माझा सर्वांत यशस्वी हॅशटॅग ठरला असता.

म्हणून `Traffic source` च्या तक्त्यात व्ह्यूंच्या शेजारी `Average view duration` चा रकाना नेहमी जोडून घ्यावा. व्हिडिओशी थेट संबंध नसलेले किंवा दिशाभूल करणारे हॅशटॅग लावल्यास व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो, असेही यूट्यूबचे धोरण सांगते. माझा हेतू दिशाभूल करण्याचा नव्हता, पण पाहणाऱ्याच्या बाजूने परिणाम तोच होत होता.

इन्स्टाग्रामवर हेच करायचे असेल तर

तेथे रील कोणत्या हॅशटॅगमुळे किती जणांपर्यंत पोहोचली, असा तक्ता मिळत नाही. अनुयायी आणि अनुयायी नसलेले एवढीच विभागणी दिसते, आणि वर सांगितल्याप्रमाणे अनुयायी नसलेला प्रत्येक जण नवा नसतो. हॅशटॅगला फॉलो करण्याची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे ते एक दार मिटलेच, आणि डिसेंबर २०२५ पासून एका पोस्टवर पाचच हॅशटॅगांची मर्यादा आली आहे. थेट पुरावा नसल्यामुळे तेथे जोड्यांची पद्धत हाच मार्ग उरतो, आणि ती वरीलप्रमाणेच करावी.

आता यादीत काय आहे

माझ्या शॉर्ट्सवर सध्या `#modilipi`, `#मोडीलिपी` आणि `#modiscript` हे तीनच हॅशटॅग असतात. पहिले दोन त्यांच्या पानांवरून थोडे पण टिकून पाहणारे प्रेक्षक आणतात म्हणून, आणि तिसरा शोधातून माणसे आणतो म्हणून. बाकीचे पंधरा काढल्यानंतरच्या आठ शॉर्ट्सवर नव्या प्रेक्षकांचा मध्यक ५३० आहे, म्हणजे पूर्वीच्याच पट्ट्यात. चौथा उमेदवार `#मोडीलिपि` आहे. हिंदी वळणाने शोधणारे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडचे लोक त्या ऱ्हस्व इकारातून येतील असा माझा अंदाज आहे, कारण जुन्या मराठी संस्थानांची मोडी दप्तरे तेथेही आहेत. त्याच्या सहा जोड्यांपैकी चार प्रसिद्ध झाल्या आहेत. शोधाच्या तक्त्यात ‘मोडी लिपि’ हे शब्द आजवर दोनदा उमटले, आणि दोन्ही वेळा हॅशटॅग असलेल्याच व्हिडिओवर. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत तो हॅशटॅग ठेवायचा की काढायचा हे मी ठरवणार नाही.